वर्स्टेड आणि वुलन: एकाच लोकरीचे दोन धागे, दोन स्वभाव

यवतमाळ जिल्ह्यात पुसद, उमरखेड, दिग्रसकडे मेंढीची कात झाली की लोकरीचे काय करायचे, हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. मांसाला भाव आहे, लोकरीला नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी ती बांधावर टाकून दिली जाते. मग एखाद्या बैठकीत कोणीतरी म्हणते, "सुटाचे कापड लोकरीचेच असते ना? मग आपल्या लोकरीचे का नाही होत?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र मेंढीपेक्षा धाग्यात जास्त आहे. लोकरीचा धागा दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी तयार होतो. एकाला वर्स्टेड म्हणतात, दुसऱ्याला वुलन. कापड गुळगुळीत होईल की केसाळ, किती ऊब देईल, धुतल्यावर आटेल की नाही, यातले बरेचसे या दोन पद्धतींतल्या निवडीवर ठरते.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. आपल्या बाजारात 'वुलन' म्हणजे हिवाळ्यात घालायचे काहीही. त्यात ॲक्रिलिकचा स्वेटरही आला, ज्यात मेंढीचा एक केसही नसतो. या लेखात वुलन म्हणजे फक्त पिंजलेल्या, न विंचरलेल्या लोकरीपासून कातलेला धागा. वर्स्टेड हे नाव इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील वर्स्टेड या गावावरून पडले. हा विंचरून समांतर केलेल्या लांब तंतूंचा धागा.

कापूस उत्पादकाला ओळखीची गोष्ट

तुम्ही कापूस पिकवता, त्यामुळे अर्धा विषय तुम्हाला आधीच माहीत आहे. कापसाचा भाव ठरताना धाग्याची लांबी पाहतात. सूतगिरणीत साधे कार्डेड सूत निघते, तसे विंचरलेले म्हणजे कोम्ड सूतही निघते. कोम्ड सुतासाठी आखूड तंतू बाजूला काढले जातात, म्हणून ते सूत गुळगुळीत आणि महाग. लोकरीतही हेच घडते, फक्त फरक कितीतरी मोठा असतो. लोकरीचे तंतू कापसापेक्षा लांब आणि वळणदार असतात, शिवाय त्यांच्यावर खवले असतात.

दोन्ही धाग्यांची सुरुवात सारखीच: कात, प्रतवारी, धुणे, मग पिंजणे. पिंजण्यात गुठळ्या सुटतात आणि तंतू मोकळे होतात. इथून वाटा फुटतात.

वुलनच्या वाटेवर पिंजलेली लोकर तशीच पुढे जाते. कारखान्यात तिच्या पातळ पापुद्र्याच्या पट्ट्या करून, त्या हलक्या चोळून सरळ कातायला घेतात. हातकताईत पिंजलेल्या लोकरीचा पेळू करून चरख्यावर घेतात. पेळू वळलेला असल्याने त्यातले तंतू आडवे-तिडवे, काही दुमडलेले, काही गोल फिरलेले असतात. धागा तयार झाला तरी ते तसेच राहतात. लांब, आखूड सगळे तंतू एकत्र, आणि मध्ये भरपूर हवा.

वर्स्टेडच्या वाटेवर पिंजलेली लोकर आणखी बऱ्याच टप्प्यांतून जाते. आधी पट्टे एकावर एक ओढून तंतू सरळ करतात, मग बारीक दातांच्या फण्यांतून विंचरतात. आखूड तंतू फणीत अडकून वेगळे पडतात, त्यांना नॉइल म्हणतात. उरलेल्या लांब, समांतर तंतूंच्या जाड पट्ट्याला टॉप म्हणतात. टॉप पुन्हा पुन्हा ओढून बारीक करतात आणि शेवटी चांगला पीळ देऊन कातत नेतात. धागा बारीक, घट्ट, एकसारखा, आणि बाहेर डोकावणारी टोके कमी.

रेमंड समूहाचा यवतमाळजवळ लोहारा एमआयडीसीतला कारखाना डेनिमचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या कापसाचा. वर्स्टेड सुटिंगसाठी या नावाचे कारखाने जळगावला आणि नागपूरच्या पलीकडे छिंदवाडा जिल्ह्यात आहेत. सुटिंगसाठी लागणारी बारीक मेरिनो लोकर मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येते. दुसऱ्या टोकाला आपली घोंगडी. ती सरळसरळ वुलन धाग्याची, आणि दख्खनी मेंढीची. या दोन टोकांमध्ये ठेवून पाहिले की पुढचे सगळे सोपे जाते.

गुळगुळीत वेगळे, मऊ वेगळे

सुटाचे कापड हाताला गुळगुळीत लागते, त्यावरचे विणकामाचे ताणे-बाणे स्पष्ट दिसतात. तंतू समांतर असल्याने उजेड एका दिशेने परततो, म्हणून किंचित चमकही असते. जुन्या वर्स्टेड पँटची बैठकीची जागा चकाकायला लागते, तीही याच कारणाने. वुलन कापडावर मात्र केसांची लव दिसते आणि विणीची रेघ धूसर असते. हा फरक धाग्याच्या घडणीचा.

पण अंगाला टोचणे ही वेगळी बाब आहे, आणि इथे बहुतेकांची गल्लत होते. टोचणे तंतूच्या जाडीवर ठरते. सुमारे 30 मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचे टोक त्वचेवर टेकले की ते वाकत नाही, रुतते. सुटाची मेरिनो साधारण 18 ते 21 मायक्रॉनची असते, तिचे टोक सहज वाकते. दख्खनी लोकरीत 30 च्या वरचे तंतू भरपूर आणि त्यात पोकळ मध्य असलेले, राठ, केसासारखे तंतूही मिसळलेले. म्हणून बारीक लोकरीचा वुलन धागा केसाळ असूनही मऊ असतो, आणि जाड लोकर कितीही विंचरली तरी टोचतेच. विंचरण्याने टोके कमी होतात, जाडी कमी होत नाही.

थोडक्यात, गुळगुळीतपणा धागा देतो, मऊपणा मेंढी देते. तुमच्या लोकरीचा स्वेटर टोचतो अशी तक्रार आली तर कताई करणाऱ्याला दोष देण्याआधी लोकरीची प्रत पाहा. कोकराची पहिली कात, ज्याला जावळ म्हणतात, कळपातली सर्वांत बारीक आणि मऊ लोकर असते. ती वेगळी ठेवली तरच तिचा फायदा. मोठ्या मेंढीच्या मांडीच्या राठ लोकरीत मिसळली की गेली.

ऊब हवेची असते

लोकर स्वतः गरम नसते, ती हवा अडवून धरते. अडकलेली, न हलणारी हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. वुलन धाग्यात तंतू आडवे-तिडवे असल्याने मध्ये हजारो बारीक पोकळ्या राहतात. समान वजनाचे एक वर्स्टेड आणि एक वुलन कापड शेजारी ठेवा, वुलन कापड जाड भरेल आणि जास्त ऊब देईल. तेवढ्याच लोकरीत त्याने जास्त हवा धरलेली असते.

वर्स्टेड कापड याच कारणाने आपल्या हवामानात अंगावर घालण्याजोगे असते. पातळ, हवा खेळती. लग्नसराईत टेरीवूलची पँट घालून माणूस मंडपात बसू शकतो. घोंगडीच्या जाडीच्या कापडाची पँट घातली तर एप्रिलच्या यवतमाळात काय होईल ते सांगायला नको.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ही ऊब हवा स्थिर असेपर्यंतच. सैल विणीचे वुलन कापड पांघरून मोटारसायकलवर बसलात तर वारा पोकळ्यांतली हवा धुवून काढतो आणि थंडी वाजते. घट्ट विणीचे वर्स्टेड कापड त्या वेळी जास्त कामी येऊ शकते. वुलन कापडाला वाऱ्यासाठीही तयार करायचे असेल तर त्याची वीण बंद करावी लागते, आणि तिथे पुढचा गुण उपयोगी पडतो.

आटणे: कुठे दोष, कुठे गुण

लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात, सगळे टोकाच्या दिशेने तोंड केलेले. त्यामुळे तंतू मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने अडतो. ओली, कोमट, साबणाची लोकर चोळली की प्रत्येक तंतू थोडा पुढे जातो आणि तिथेच अडकतो. मागे येत नाही. तंतू एकमेकांत गुंतत जातात, कापड आकसते, जाड होते. यालाच नमदा बनणे किंवा फेल्टिंग म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडे लोकर न विणता, फक्त ओली करून दाबून जेन करतात, तो याच गुणाचा उपयोग.

आता दोन धागे पाहा. वुलन धाग्यात तंतू सैल, पीळ कमी, टोके बाहेर. त्यांना सरकायला जागा आहे, म्हणून ते लवकर आटते. वर्स्टेडमध्ये लांब तंतू समांतर आणि पिळात आवळलेले. सरकायला वाव कमी, म्हणून ते सावकाश आटते. पण आटतच नाही असे समजू नका. शुद्ध वर्स्टेड शाल गरम पाण्यात मशीनमध्ये फिरवली तर तीही बिघडते. 'मशीनमध्ये धुता येते' असे लिहिलेल्या लोकरीवर बहुधा क्लोरीनची प्रक्रिया करून खवले बोथट केलेले असतात किंवा त्यावर पातळ थर दिलेला असतो.

इथेही मेंढीचा वाटा आहेच. बारीक लोकर जोरात आटते, जाड राठ लोकर कमी. म्हणून दख्खनी घोंगडी वुलन धाग्याची असूनही मेरिनोच्या वुलन कापडाइतकी आटत नाही. जावळाचे कापड मात्र सांभाळून धुवावे.

तुमची लोकर किती आटते हे घरीच पाहता येते. धुतलेल्या लोकरीचा चिमूटभर गोळा घ्या, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून तळहातांत पाच मिनिटे लाडवासारखा वळा. घट्ट, टणक गोळी झाली तर लोकर चांगली आटणारी. दाबल्यावर सैल होऊन केस सुटले तर कमी आटणारी. खांद्याची, पाठीची आणि मांडीची लोकर वेगवेगळी करून पाहा, फरक हाताला कळेल.

एका कळपाचा हिशेब

समजा 40 मेंढ्यांची एक कात झाली आणि दर मेंढीमागे 300 ग्रॅम लोकर निघाली. एकूण 12 किलो. त्यात माती, घाम, चिकटा, गोखरू, कुसळे आली. धुऊन, वेचून पाव भाग गेला असे धरू. 9 किलो उरली. पिंजताना आणि कातताना आणखी किलोभर धूळ-तुकड्यांत जाते. 8 किलो वुलन धागा. एका घोंगडीला अडीच किलो धागा धरला तर तीन घोंगड्या आणि थोडा धागा शिल्लक.

आता हीच लोकर वर्स्टेडच्या वाटेने पाठवून पाहू. आधी धुतलेल्या लोकरीतले 100 ग्रॅम घ्या आणि दाट दातांच्या लोखंडी फणीने बट बट विंचरा. हातात उरलेली लांब लोकर एका बाजूला, फणीत अडकलेली दुसऱ्या बाजूला ठेवून तोला. मेरिनोच्या चांगल्या लोकरीत विंचरणीत जाणारा भाग कारखान्यात दहा टक्क्यांच्या आत असतो. आपल्याकडे वर्षातून दोनदा कात होत असल्याने बटी आखूड असतात. समजा 40 ग्रॅम विंचरणीत गेले. म्हणजे 9 किलोपैकी साडेपाच किलोच्या आसपास लांब लोकर राहिली, आणि तिच्यातही जाड तंतू तसेच आहेत. इतकी घट सोसून जे कापड होईल ते अंगाला टोचणारच. शिवाय गिरण्यांना रंगवायला पांढरी लोकर लागते आणि आपल्या कळपात काळी, भुरी बरीच.

तेव्हा बैठकीतल्या त्या प्रश्नाचे उत्तर असे: मशीन नाही म्हणून नव्हे, तंतू आखूड आणि जाड आहेत म्हणून दख्खनी लोकरीचे सुटिंग परवडत नाही. 'कोंबिंग युनिट घ्या, सुटाचे कापड काढा' असा प्रस्ताव घेऊन कोणी गटाकडे आले तर पैसे भरण्याआधी वरची 100 ग्रॅमची चाचणी त्यांच्यासमोर करा. वर्षभर कात न करता बट लांब होऊ द्यावी, असाही सल्ला कोणी देते. लांबी वाढेल, जाडी कमी होणार नाही. पावसाळ्यात ओल, गोखरू आणि बाह्य परजीवी यांचा त्रास मेंढीला होईल तो वेगळाच.

वुलनच्या वाटेवर मात्र आखूडपणा हा दोष राहत नाही. तिथे आखूड तंतूही धाग्यात बसतात आणि ऊब वाढवतात. घोंगडी, आसन, गालिचा, जीन-खोगीराखालची गादी ही या लोकरीची खरी घरे. कात करताना एवढेच पाहा की कात्री एकाच जागी दोनदा फिरणार नाही. दुबार कातीत निघणारे सेंटिमीटरभर तुकडे वुलन धाग्यातही टिकत नाहीत, ते गळून पडतात आणि कापडावर गुठळ्या धरतात.

घोंगडीला खळ का लावतात

वुलन धाग्याची एक उणीव विणकराला रोज भेटते. पीळ कमी, तंतू सैल, म्हणून ताण्याला लावला की तुटतो, शिवाय केस एकमेकांत अडकतात. त्यावर जुना उपाय म्हणजे चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून, साल काढून, दळून, शिजवून केलेली ही लापशी ताण्यावर ब्रशने ओढतात. केस बसतात, धागा ताठ होतो, माग चालतो. वर्स्टेडच्या ताण्याला एवढी गरज पडत नाही, त्याचा पीळच त्याला सांभाळतो.

नवी घोंगडी कडक लागते ती या खळीमुळे. पहिल्या धुण्यात खळ निघते, कापड मऊ पडते आणि थोडे आटते, वीण बंद होते. खोळ करून पावसात पांघरलेली घोंगडी लगेच ओलीचिंब वाटत नाही. त्यामागे ही बंद वीण, तंतूवरचा उरलासुरला चिकटा आणि लोकरीचा ओल पिण्याचा गुण, असे तिन्ही मिळून काम करतात. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल शोषूनही हाताला कोरडीच वाटू शकते. म्हणून घरी लोकर धुताना कास्टिक सोडा किंवा जास्त धुण्याचा सोडा वापरू नका. सोड्याने चिकटा तर जातोच, पण तंतूही कमकुवत होतो.

गटाने मुद्दाम आटवलेले दाट कापड करायचे ठरवले तर आधी नमुना विणा. 20 बाय 20 सेंटिमीटरचा तुकडा कोमट साबणाच्या पाण्यात दहा मिनिटे चोळा, वाळवा, मोजा. 17 सेंटिमीटर भरला तर आटणे 15 टक्के. तयार कापड 100 सेंटिमीटर रुंद हवे असेल तर मागावर 118 सेंटिमीटर घ्यावे लागेल, कारण 100 भागिले 0.85. लांबीचाही हिशेब असाच करा. तुकडा 16 वर आला तर दोन्ही बाजू मिळून कापडाचे 36 टक्के क्षेत्रफळ गेले, हे भाव लावताना धरलेच पाहिजे.

विकत घेताना आणि धुताना ओळख

कापडाच्या काठाचा एक धागा ओढून काढा आणि उलटा पीळ देऊन सोडवा. तंतू विंचरलेल्या केसांसारखे सरळ, लांब निघाले तर वर्स्टेड. कापसाच्या बोळ्यासारखे गुंतलेले, आखूड-लांब मिसळलेले निघाले तर वुलन. धागा उजेडासमोर धरल्यावर भोवती केसांची दाट लव दिसली तरी वुलनच समजावे.

मुळात लोकर आहे की नाही हे पाहायला धाग्याचे टोक चिमट्यात धरून जाळा. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. ॲक्रिलिक वितळते आणि टणक मणी उरतो. हिवाळ्यात वाटप होणाऱ्या स्वस्त ब्लँकेटांत बहुधा पानिपतची, जुन्या कपड्यांपासून पुन्हा कातलेली मिश्र लोकर असते. धागा वुलन पद्धतीचाच, पण तंतू आधीच तुटलेले, म्हणून ती लवकर विरतात.

घोंगडी आणि वुलन शाल थंड पाण्यात, सौम्य साबणात बुडवून फक्त दाबावी. मोगरीने बडवू नये, दगडावर आपटू नये, पिळू नये. गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकू नये. पाणी दाबून काढून सावलीत आडवी पसरावी, दोरीवर टांगल्यास ओल्या वजनाने ती लांबते आणि बेढब होते. वर्स्टेड पँट किंवा कोट धुण्यापेक्षा वाफ आणि ब्रश पुरतो. इस्त्री करताना ओले कापड मध्ये ठेवा, नाहीतर चकाकी येते.

साठवताना दोन्हींनाही कसर लागते. आधी धुऊन, उन्हात कोरडी करून, कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासह कापडी पिशवीत ठेवा. मळकट घोंगडी तशीच गुंडाळून माळ्यावर टाकली तर घामाच्या डागांच्या जागी आधी भोके पडलेली दिसतील.